कर्जफेडीच्या तक्त्याचा फोटो ते शीट: आकडे कसे उतरवायचे आणि ताळा कसा घ्यायचा

कर्ज मंजूर झालं की बँक एक लांबलचक तक्ता हातात ठेवते. हप्ता क्रमांक, देय तारीख, हप्त्याची रक्कम, मुद्दल, व्याज, शिल्लक. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत जे मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्चाचा गोषवारा, द्यावं लागतं, त्यालाही हा परतफेडीचा तक्ता जोडलेला असतो. अडचण एवढीच की तो बहुतेकांकडे कागदावर असतो, किंवा त्या कागदाचा घरातल्या कुणीतरी काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पडून असतो. मधेच जास्तीची रक्कम भरायची असेल, किंवा एप्रिल ते मार्चमध्ये व्याज किती गेलं हे काढायचं असेल, तर फोटोचा उपयोग नाही. आकडे ओळीओळीनं शीटमध्ये हवेत.

फोटोतून आकडे काढून देणारी साधनं आता फोनमध्येच असतात आणि ती बऱ्यापैकी काम करतात. पण पूर्ण भरवसा ठेवण्याइतकी नाहीत. छत्तीस ओळींत एखाद्या ३ चा ८ झाला तर नजरेला तो सहसा दिसत नाही. सुदैवानं हा तक्ता स्वतःच स्वतःचा ताळा देतो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला बांधलेली असते, त्यामुळे आकडा चुकला की गणित मोडतं, आणि कसं मोडलं यावरून कुठला आकडा चुकला तेही कळतं. म्हणून या लेखात वाचनापेक्षा ताळ्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एक साधं वैयक्तिक कर्ज घेऊ. रक्कम ३,००,०००, व्याजदर वार्षिक १० टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ९,६८० रुपये. तक्ता पूर्ण रुपयांत छापलेला आहे, पैसे नाहीत.

फोटो

कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकीजवळ, दिवसा. फ्लॅश नको. चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे चार-पाच आकडे गायब होतात. फोन कागदाच्या बरोबर वर धरा, चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. साध्या कॅमेऱ्यापेक्षा कागदपत्रं स्कॅन करण्याची सोय वापरलेली बरी. ती अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये असते, आणि तिरका आलेला कागद ती सरळ करून देते. मात्र त्यातला गडद काळा-पांढरा फिल्टर टाळा. फिकट छपाईतले टिंब आणि स्वल्पविराम तो खाऊन टाकतो.

सगळ्यात जास्त त्रास घडीचा. कागद दुमडलेला असेल तर घडीवरची ओळ फोटोत वाकते, आणि वाचणारं साधन डावीकडचा हप्ता क्रमांक एका ओळीतला आणि उजवीकडची शिल्लक खालच्या ओळीतली अशी जोडी लावून मोकळं होतं. घडी उलट्या बाजूनं दाबून घ्या, वर काच ठेवण्यापेक्षा कडांना जड वस्तू ठेवा. तक्ता दोन-तीन पानांचा असेल तर प्रत्येक पानाचा वेगळा फोटो घ्या आणि फाइलच्या नावातच पान क्रमांक घाला.

फोटो दुसऱ्याकडून मागवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि बारीक छपाईतले ६ आणि ८ तिथेच एकमेकांत मिसळतात.

आणि एक. तक्त्याच्या वर कर्जदाराचं नाव, पत्ता, कर्ज खाते क्रमांक असतो. आपल्याला फक्त आकडे हवेत, तर वरचा भाग फोटोतून कापून टाका. इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर अख्खं पान चढवायची काहीच गरज नाही.

आकडे उचलणं

इंग्रजी आकड्यांचा तक्ता असेल तर सोपा रस्ता म्हणजे फोनवरचं एक्सेल. त्यात `Insert` मध्ये `Data from Picture` असा पर्याय आहे. फोटो दाखवला की ते तक्ता ओळखतं आणि ज्या खान्यांबद्दल त्याला शंका आहे ते वेगळे दाखवून विचारतं. त्या शंका तिथल्या तिथे फोटोशी ताडून पाहा. पण ज्या खान्यांवर शंका दाखवलेली नाही ते बरोबरच आहेत असं समजू नका. चुकलेला आकडा ते बिनदिक्कत बरोबर म्हणून पुढे करतं.

बऱ्याच पतसंस्था तक्ता मराठी आकड्यांत देतात. तिथे एक्सेलची ही सोय कामाची नाही, गूगल लेन्स देवनागरी वाचतं. पण लेन्सला अख्खा तक्ता दिला तर तो कधी आडवा वाचतो, कधी उभा, आणि आकड्यांची रास हाती येते. त्यावरचा उपाय जरा कष्टाचा आहे, पण खात्रीचा आहे. फोनच्या गॅलरीत फोटो कापून प्रत्येक स्तंभाची वेगळी उभी पट्टी करा: एक मुद्दलाची, एक व्याजाची, एक शिल्लकेची. प्रत्येक पट्टीवर लेन्सनं मजकूर कॉपी करा आणि शीटमध्ये आपापल्या स्तंभात चिकटवा. हप्ता क्रमांकाची पट्टी कापायची गरज नाही. ते १ ते ३६ आहेत, टाइप करून खाली ओढले की झालं.

पट्टीच्या पद्धतीत एक आकडा वाचायचा राहून गेला तर त्याखालचे सगळे एक घर वर सरकतात. म्हणून चिकटवल्याबरोबर प्रत्येक स्तंभाचा शेवटचा आकडा ३६ व्या हप्त्यासमोर आला का ते पाहा. आला नसेल तर पुढे जाऊच नका.

मराठी आकडे शीटला संख्या म्हणून कळत नाहीत. `Find and replace` उघडून ० च्या जागी 0, १ च्या जागी 1, असं दहा वेळा करा. त्या आधी १ आणि ९ कडे विशेष लक्ष द्या. झिजलेल्या छपाईत लेन्सची सगळ्यात जास्त गल्लत या जोडीत होते.

संख्या खरंच संख्या आहे का

आता शीटमध्ये ओळी आल्या. सूत्रं लिहिण्याआधी एक नजर टाका: आकडे खान्याच्या उजव्या कडेला चिकटलेले आहेत की डाव्या? उजवीकडे म्हणजे शीटनं ते संख्या म्हणून घेतले. डावीकडे असेल तर तो मजकूर आहे, त्यात ₹ चं चिन्ह, मोकळी जागा किंवा शून्याऐवजी इंग्रजी ओ अक्षर घुसलेलं असणार. रुपयाचं चिन्ह, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम `Find and replace` नं काढून टाका. स्वल्पविराम परत दिसायला हवे असतील तर ते नंतर खान्याच्या स्वरूपातून आणता येतात.

फसवा प्रकार वेगळाच आहे. 7,180 मधला स्वल्पविराम टिंब म्हणून वाचला गेला तर शीटमध्ये 7.18 येतं. उजवीकडे, व्यवस्थित, संख्येच्या वेषात. आपला तक्ता पूर्ण रुपयांचा आहे हे माहीत असेल तर अपूर्णांक दिसला की तो चूक हे लगेच ठरवता येतं.

मांडणी

चार स्तंभ पुरतात: A मध्ये हप्ता क्रमांक, B मुद्दल, C व्याज, D शिल्लक. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीत हप्ता क्रमांक 0 आणि शिल्लक 300000 असं हातानं लिहा. ही ओळ कागदावर नसते, पण पहिल्या हप्त्याचा ताळा घ्यायला ती लागते. खरा पहिला हप्ता तिसऱ्या ओळीत येईल. आर्थिक वर्षाची बेरीज हवी असेल तर देय तारीखही घ्या, पण ती I स्तंभात ठेवा, कारण E ते H ताळ्यासाठी लागतील.

```
A   B     C     D
0               300000
1   7180  2500  292820
2   7240  2440  285580
3   7300  2380  278280
4   7361  2319  270919
5   7422  2258  263497
```

इथे थांबून कागदाचं शीर्षक एकदा नीट वाचा. काही तक्त्यांत शिल्लकेचे दोन स्तंभ असतात: हप्त्याआधीची आणि हप्त्यानंतरची. आपल्याला नंतरची हवी. पहिल्या हप्त्यासमोर कर्जाची पूर्ण रक्कम दिसत असेल तर तुम्ही चुकीचा स्तंभ उचललाय.

ताळा

तिसऱ्या ओळीत ही तीन सूत्रं लिहा आणि शेवटपर्यंत खाली ओढा:

```
E3:  =B3+C3
F3:  =D2-B3-D3
G3:  =ROUND(D2*10%/12,0)-C3
```

E म्हणजे मुद्दल अधिक व्याज. दर ओळीत ते हप्त्याइतकं, ९,६८० यायला हवं. F सांगतो की आधीच्या शिल्लकेतून मुद्दल वजा केलं की आताची शिल्लक उरते का, तो शून्य हवा. G आधीच्या शिल्लकेवर महिन्याचं व्याज काढून कागदावरच्या व्याजाशी ताडतो. तो शून्य किंवा एका रुपयाच्या आत हवा, कारण बँक कधी वर तर कधी खाली पूर्णांक करते. तक्त्यात पैसेही असतील तर `ROUND` मधल्या 0 च्या जागी 2 लिहा.

चौथ्या हप्त्यावर एकदा हातानं करून पाहा. तिसऱ्या हप्त्यानंतर शिल्लक २,७८,२८०. त्याचं वर्षाचं व्याज २७,८२८, महिन्याचं २,३१९. हप्ता ९,६८०, त्यातून व्याज गेलं की मुद्दल ७,३६१. शिल्लकेतून ते वजा केलं की २,७०,९१९. चारही आकडे कागदाशी जुळतात.

आता गंमत पाहा. कुठला आकडा चुकलाय त्यानुसार तीन स्तंभ वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडतात.

समजा पाचव्या हप्त्याचं मुद्दल ७,४२२ ऐवजी ७,१२२ वाचलं गेलं. E मध्ये ९,३८० येईल, म्हणजे ३०० कमी. F मध्ये ३०० उरेल. G मात्र शांत राहील. E आणि F दोघे एकाच ओळीत सारख्याच रकमेनं ओरडले की दोषी मुद्दल. फरक ३००चा आहे म्हणजे शतक स्थानचा अंक तीननं घसरलाय. फोटो मोठा करून पाहिलात की ४ चा १ झालेला तिथे सापडेल.

सातव्या हप्त्याचं व्याज २,१३३ ऐवजी २,१८३ वाचलं, तर E ९,७३० होतो, G उणे ५० दाखवतो, आणि F ला काहीच कळत नाही कारण त्यात व्याज येतच नाही. E आणि G बिघडले, F ठीक: व्याज चुकलं.

शिल्लक चुकली की खूण एका ओळीपुरती राहत नाही. नवव्या हप्त्यानंतरची शिल्लक २,३३,१८४ आहे, ती २,३८,१८४ आली असं धरू. नवव्या ओळीत F उणे ५,००० होतो आणि लगेच दहाव्या ओळीत अधिक ५,०००. शिवाय दहाव्या ओळीत G ४२ दाखवतो, कारण पाच हजारांचं महिन्याचं व्याज साधारण तेवढंच. E दोन्ही ओळींत बरोबर. लागोपाठच्या दोन ओळींत F सारखाच पण उलट चिन्हाचा दिसला की वरच्या ओळीतली शिल्लक तपासा.

अख्खी ओळच सुटली असेल तर? पाचव्यानंतर थेट सातवा हप्ता आला असं समजा. सातव्याच्या ओळीत F मध्ये ७,४८४ येतं. ही रक्कम म्हणजे सुटलेल्या सहाव्या हप्त्याचं मुद्दल. ९,६८० मधून ते वजा करा, त्याचं व्याज २,१९६ मिळालं. हे आकडे कागदाशी जुळवून मगच ओळ घाला. दोन पानांच्या फोटोंत तीच ओळ दोनदा आली असेल तर उलट होतं: दुसऱ्या वेळी F त्या ओळीच्या मुद्दलाइतकाच उणे दिसतो.

मुद्दल आणि व्याजाचे स्तंभ अदलाबदल झाले, तर E सगळीकडे ९,६८० दाखवत बसतो. म्हणून एकट्या E वर विसंबू नये. नुसती मुद्दल-व्याजाची बेरीज करून ‘जुळलं’ म्हणणारे बरेच असतात, आणि शिल्लकेचा स्तंभ त्यांच्याकडे कधी तपासलाच जात नाही.

छत्तीस ओळींसाठी डोळे पुरतात. गृहकर्जाच्या २४० ओळी असतील तर H3 मध्ये हे घाला, 9680 च्या जागी आपला हप्ता लिहा, खाली ओढा आणि फक्त खूण झालेल्या ओळी पाहा:

```
=IF(OR(ABS(E3-9680)>1,ABS(F3)>1,ABS(G3)>1),"पाहा","")
```

आकडे हातानं टाइप करत असाल तर आणखी एक जुनी युक्ती कामी येते. फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले असण्याची शक्यता मोठी. ७,३६१ ऐवजी ७,६३१ टाइप झालं, तर फरक २७०. फोटो वाचणाऱ्या साधनाच्या चुका सहसा अशा नसतात. त्याचा एक अंक बदलतो, अंकांची जागा बदलत नाही.

कागदच तसा असेल तेव्हा

सगळं नीट वाचूनही ताळा मोडतो अशा काही जागा आहेत, आणि तिथे आकडे ‘दुरुस्त’ करायचा मोह आवरायला हवा.

पहिला हप्ता ही नेहमीची जागा. समजा कर्ज १८ जूनला मिळालं आणि पहिला हप्ता ५ ऑगस्टला. मधे ४८ दिवस जातात. एका महिन्याचं व्याज २,५००, पण ४८ दिवसांचं, ३६५ दिवसांचं वर्ष धरून, ३,९४५. काही ठिकाणी हे जादा दिवसांचं व्याज वेगळं घेतात, काही ठिकाणी पहिल्या हप्त्यातच धरतात. हप्ता तोच ठेवून धरलं, तर पहिल्या ओळीत E आणि F बरोबर येतात आणि फक्त G मोडतो. हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: E आणि F दोन्ही जुळत असतील आणि एकटा G बोंब मारत असेल, तर वाचनाची चूक जवळपास नसतेच, व्याजमोजणीची पद्धत वेगळी असते. G एका विशिष्ट ओळीपासून पुढे सलग मोडत गेला तर तिथे व्याजदर बदललाय. बदलत्या दराच्या कर्जाचा सुधारित तक्ता असेल तर हे दिसणारच.

G पहिल्या ओळीत बरोबर आणि नंतर ओळीगणिक जास्त-जास्त मोडत जातो, व्याज मात्र कागदावर शेवटपर्यंत तेच, असं दिसलं तर कर्ज सरळ दराचं आहे. आपल्याच तीन लाखांवर सरळ १० टक्के लावले असते तर दर महिन्याला व्याज २,५०० आणि मुद्दल ८,३३३च्या आसपास, पहिल्या हप्त्यापासून अखेरपर्यंत. तिथे G चा स्तंभ काढून टाका, E आणि F पुरेसे आहेत. E ची तुलना मात्र त्या कर्जाच्या हप्त्याशी करा.

शेवटचा हप्ताही वेगळा असतो. आपल्या तक्त्यात ३५ हप्ते ९,६८०चे आणि ३६ वा ९,६८७चा: मुद्दल ९,६०७, व्याज ८०. पूर्णांक करताना राहिलेले रुपये बँक तिथे मिटवते. H मध्ये ‘पाहा’ येईल. पाहा आणि तसंच राहू द्या.

याच कारणासाठी चुकलेला खाना सूत्रानं भरू नये. ताळ्यावरून काय असायला हवं ते कळतं, पण लिहायचं ते फोटोत दिसतंय तेच. फोटोतला आकडा खरोखर वाचताच येत नसेल, शिक्का पडलाय किंवा घडीवर शाई उडालीये, तर गणितानं काढलेला आकडा लिहा, खान्याला पिवळा रंग द्या आणि शाखेत गेलात की मूळ कागदावरून खात्री करा.

सगळ्या ओळी स्वच्छ झाल्या की तीन आकडे पाहून काम मिटवा. B ची बेरीज ३,००,०००, शेवटची शिल्लक शून्य, C ची बेरीज ४८,४८७. मुख्य तथ्य विवरणात किंवा मंजुरीपत्रात एकूण व्याजाची रक्कम दिलेली असते, ती या शेवटच्या आकड्याशी लावून पाहा. मग E ते H लपवा, पुसू नका. पुढच्या वर्षी सुधारित तक्ता आला की तीच सूत्रं लागतील.